कूलरच्या सीझनचे 6 लाख 40 हजार नेमके कुणाचे?

«नागपुरात कूलर बनवून विकतो. जूनअखेर सेव्हिंग खात्यात 6 लाख 40 हजार आहेत. एजंट वर्षाला 1 लाखाची पॉलिसी घ्या म्हणतो. घेऊ का? गेल्या वर्षी अशाच पैशातून घराला टाइल्स लावल्या. दिवाळीनंतर मात्र दरवर्षी बायकोचं सोनं गहाण पडतं.»

पॉलिसी घेऊ नका. सही झाली असेल, तर कागद हाती आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. पाच-सहा टक्के परताव्यासाठी 15 वर्षं हप्ता भरायचा आणि तो भरायला सोनं गहाण टाकायचं, असा सौदा गळ्यात मारणाऱ्याचा मला राग येतो.

पण सोनं का गहाण पडतं, हे आधी बघा. तुम्ही पाठवलेले आकडे मांडले. पत्रा आणि मोटारवाल्यांची उधारी 2 लाख 20 हजार. 20 जुलैपर्यंत भरायचा जीएसटी 60 हजार. तो गिऱ्हाइकाकडून सरकारसाठी घेतलेला पैसा आहे. जुलै ते जानेवारी गोदामाचं भाडं आणि कारागिराचा पगार महिना 22 हजार, म्हणजे दीड लाखावर. घरखर्च महिना 30 हजार, सात महिन्यांचे 2 लाख 10 हजार. बेरीज 6 लाख 44 हजार! शिल्लक काहीच नाही, आणि जानेवारीत घ्यायचा पत्रा अजून धरलेलाच नाही. टाइल्स लागल्या त्या व्यापाऱ्याच्या उधारीतून आणि नोव्हेंबरच्या किराण्यातून.

या आठवड्यात गुमास्ता आणि उद्यम नोंदणीचे कागद घेऊन दुकानाच्या नावाने करंट खातं उघडा. उद्यम नोंदणी फुकट होते, तिचे पैसे कुणाला देऊ नका. विक्रीचा प्रत्येक रुपया, रोख आणि यूपीआय दोन्ही, तिथेच जमा करा. काउंटरवरचा क्यूआर कोडही त्याच खात्याचा लावा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा सरमिसळ होईल.

मग घराचा पगार ठरवा, तोही सगळ्यात पडेल वर्षावरून. अवकाळी पावसाने मे बुडाला त्या वर्षी तुमचा नफा 4 लाख 20 हजार होता, महिना 35 हजार. त्यातले 30 हजार दर 1 तारखेला आपोआप सेव्हिंगमध्ये जातील अशी सूचना बँकेला द्या, 5 हजार धंद्यात राहू द्या. मे महिन्यात गल्ला भरलेला असला तरी 30 हजारच. ही रक्कम हिशेबात खर्च म्हणून धरता येत नाही. आयकर पूर्ण नफ्यावरच लागतो.

ऑफ सीझनचे पैसे करंट खात्यात बिनव्याजी ठेवू नका. महिन्या-महिन्याने मुदत संपेल अशा छोट्या एफडी दुकानाच्याच नावाने करा. 31 जानेवारीला उधारी फिटलेली आणि पत्र्याचे पैसे हाताशी असले, तर 30 हजार पेलतात. पत्रा पुन्हा उधारीवर आणावा लागला, तर 26 हजारांवर या.