दारू सोडायला भरती केलं, तर आधी जीवनसत्त्वाची इंजेक्शनं का?

"काका रोज देशी पितात. दोन महिने जेवण जवळपास बंद आहे. चार दिवसांपासून काहीबाही बोलतायत, चालताना तोल जातो. काल लातूरला भरती केलं, तर दारूचं औषध सोडून आधी ताकदीची इंजेक्शनं सुरू केली. एवढी घाई कशाला?"

ती ताकदीची इंजेक्शनं नाहीत. ते थायमिन असावं, म्हणजे जीवनसत्त्व बी-1, आणि ते मेंदूसाठी दिलंय. साखरेतून ऊर्जा काढायला मेंदूला थायमिन लागतं. शरीरातला साठा जेमतेम 30 मिलिग्रॅम. खाण्यातून काही आलं नाही, तर दोन-तीन आठवड्यांत आटतो. काकांचं दुहेरी नुकसान झालंय: भाकरी सुटली, आणि जे थोडं पोटात जातं त्यातलंही थायमिन दारू आतड्यातून नीट शोषू देत नाही. म्हणूनच आत्ता गोळ्यांवर भागत नाही.

गोंधळ, झोकांड्या आणि डोळ्यांची बिघडलेली हालचाल या तीन खुणांवरून वेर्निके नावाचा मेंदूचा आजार ओळखतात. पण तिन्ही एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात, त्यामुळे डॉक्टर तिसरीची वाट बघत नाहीत. घरचे मात्र "चढलीय अजून" म्हणून सोडून देतात. दारू उतरल्यावरही माणूस पाय फाकवून चालत असेल, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून सरळ रेषेत चालता येत नसेल, तर ती नशा नव्हे. तुमचं बोट डावी-उजवीकडे फिरवा आणि त्यांना नजरेनं पाठलाग करायला सांगा. बुबुळं थरथरली किंवा एक डोळा बाहेरच्या बाजूला पूर्ण वळला नाही, तर लगेच डॉक्टरांना सांगा.

आजाराचा संशय असेल, तर सहसा 500 मिलिग्रॅम थायमिन सलाईनमधून अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा, निदान दोन-तीन दिवस देतात. फरक पडला की मात्रा कमी करतात. नुसता धोका असेल, तर यापेक्षा कमी मात्रा पुरते. मॅग्नेशियम कमी असेल तर थायमिन नीट लागू होत नाही, म्हणून तेही तपासून भरून काढतात.

आपल्याकडे गावात अशक्तपणा म्हटलं की साखरेचं सलाईन लावतात. रिकाम्या साठ्यावर नुसती साखर गेली, तर उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं आणि आजार उफाळतो. रक्तातली साखर खरोखर खाली गेली असेल, तर मात्र ग्लुकोज थांबवायचं नसतं. थायमिन सोबतच द्यायचं. आणि पिवळं सलाईन लावलं म्हणून निश्चिंत होऊ नका. तो रंग बी-2चा असतो, बी-1 किती आहे ते त्यावरून कळत नाही.

डोळे बहुधा काही तासांत ते दिवसांत सुधारतात, चाल आठवड्यांत, कधी अर्धवटच. उशीर झाला तर स्मृती जाते: माणूस सकाळी कोण भेटलं ते विसरतो आणि मधली जागा खोट्या गोष्टींनी भरतो, मुद्दाम नव्हे. ते नुकसान इंजेक्शनांनी क्वचितच पूर्ण भरून निघतं.

काका मधल्या दिवसांत कुठे पडले असतील, डोक्याला मार लागला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. मेंदूबाहेर रक्त साचलं तरी असंच दिसतं. शेवटचा घोट कधी घेतला, तेही सांगा, कारण दारू तुटल्यानं येणाऱ्या झटक्यांचं आणि भ्रमाचं औषध वेगळं असतं, ते त्या हिशेबानं सुरू करतात.