पगाराचं काम बाहेर द्यावं का? आधी १८ तासांचा हिशेब करा

"भोसरीत आमचा ८० जणांचा कारखाना आहे. अकाउंटंटचा पगार ३२,०००. महिन्याचे पाच दिवस तो पगारपत्रकातच अडकतो. सॉफ्टवेअरला वर्षाला १८,००० आणि पीएफ-ईएसआय कन्सल्टंटला महिना २,५०० जातात. एक एजन्सी माणशी ११० रुपये मागतेय. परवडेल का?"

एजन्सीचे महिन्याला ८,८०० होतात. वरचा १८ टक्के जीएसटी तुमचा माल करपात्र असेल तर वळता मिळतो, म्हणून तो बाजूला ठेवू. सॉफ्टवेअर आणि कन्सल्टंट सुटले की ४,००० वाचतात. म्हणजे खिशातून दरमहा ४,८०० जास्त जाणार.

बहुतेक जण इथे अकाउंटंटचे पाच दिवस, म्हणजे ४० तास, पूर्ण वाचले असं धरतात. तिथेच हिशेब चुकतो. हजेरी जुळवणं, ओव्हरटाइमवर सुपरवायझरची सही घेणं, उचल वजा करणं, नवे आणि सोडून गेलेले कामगार कळवणं ही कामं तुमच्याकडेच राहतात. आमच्याकडे त्यात साधारण १८ तास जायचे. शिवाय एजन्सीकडून आलेलं पत्रक तपासायला ४ तास. उरले १८. अकाउंटंटचा तास तुम्हाला १६० रुपयांना पडतो आणि हे १८ तास तुम्ही जवळपास २६७ रुपये दराने विकत घेताय. त्या वेळात तो थकलेली येणी वसूल करणार असेल तर जरूर द्या. नुसतं "काम हलकं होईल" म्हणून देऊ नका, कारण त्याचा पगार काही कमी होत नाही.

दुसरी बाजू जबाबदारीची. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरला नाही, तर कायद्यापुढे मालकच उभा राहतो, एजन्सी नाही. २०२३ साली आमच्या ८० जणांच्या कारखान्यात हेच झालं. एजन्सीने चलन १४ तारखेला संध्याकाळी पाठवलं, आमचा माणूस रजेवर, पैसे भरले १७ ला. व्याज-दंड तीनशेच्या आत. पण कामगारांच्या पगारातून कापलेले १,४४,००० तेव्हाच्या नियमाप्रमाणे खर्च म्हणून कायमचे नामंजूर झाले आणि सुमारे ३६,००० कर वाढला. करार काढून पाहिला तर एजन्सीची भरपाई एका महिन्याच्या फीपुरती. मला ते फार लागलं, कारण सही करताना ते कलम मी वाचलंच नव्हतं.

तुमच्या करारात चलन १० तारखेपर्यंत येईल असं लिहून घ्या आणि एजन्सीच्या चुकीने बसलेला दंड पूर्ण तिच्यावर ठेवा. पहिले दोन महिने दोन्हीकडे पगार काढून रुपयाला रुपया जुळवा. फरक बहुधा महिन्याच्या मध्यात रुजू झालेल्यांत आणि प्रोफेशन टॅक्समध्ये सापडतो. महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना महाराष्ट्रात तो लागत नाही, तरी कापलेला दिसतो.

तुमच्या जागी मी असतो तर एकच बघितलं असतं: अकाउंटंट उद्या सोडून गेला तर ७ तारखेला पगार कोण काढेल? दुसरं कोणी नसेल, तर ४,८०० मी दिले असते.