‘रुग्ण सहकार्य करत नाही’ हे कापून टाक

सांगलीच्या वॉर्डातल्या त्या आजोबांवरचा, रुग्णालयाच्या नीतिसमितीपुढे ठेवायचा तुझा मसुदा वाचला. ‘सहकार्य करत नाही’ हा शेरा झाला, घटना नव्हे. गँगरीनचा पाय कापायला ते कधी, कोणापुढे, कोणत्या शब्दांत ‘नको’ म्हणाले ते लिही. ते शब्द बहुतेक सिस्टरांच्या नोंदीतच सापडतील. रात्री तापात बरळत होते, पण सकाळी शुद्धीत ‘मरेन, ठाऊक आहे’ म्हणाले ना? मग निर्णयक्षमता वेळेसकट नोंदव. आता समितीपुढचा प्रश्न बदलतो: समजून दिलेला नकार आजोबांच्या मुलाच्या सहीने मोडता येतो का? समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने सक्षम प्रौढाऐवजी नातलगाची संमती ग्राह्य धरली नव्हती. आणि हो, जंतुसंसर्ग रक्तात पसरण्याआधी किती वेळ हाताशी आहे, हे सर्जनकडून लेखी घे.