मस्टर कुणाचं?

पोरी,

तुझा निबंध दोनदा वाचला. पहिल्यांदा चहा पिता पिता, दुसऱ्यांदा कप बाजूला सारून. चौथ्या पानावर तू लिहिलं आहेस, ‘कंत्राटी कामगार संघटनेबाबत उदासीन आढळतात.’ आणि त्याच्याच शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात विचारलं आहेस, ‘कंत्राटांमुळे संघटना दुबळ्या झाल्या, की संघटना दुबळ्या होत्या म्हणून कंत्राटं आली?’ ते छापील वाक्य खोड. पेन्सिलीतलं ठेव.

उत्तरासाठी लगेच जागतिकीकरणापर्यंत धावू नकोस. पाळी सुटताना गेटवर उभी राहा आणि एकच विचार: मस्टर कुणाचं? माणूस ज्याच्या मशीनवर राबतो, त्याच्याच मस्टरवर त्याचं नाव आहे का? बाकीचं सगळं नंतर.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं युनियनचा सरचिटणीस होतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडे साडेसहाशे कायम कामगार होते. ‘टूल डाऊन’ म्हटलं की लाइन थांबायची आणि पाळी संपायच्या आत साहेबांचं बोलावणं यायचं. आमची भाषणं फार भारी होती म्हणून नव्हे. लाइन थांबवू शकणारा प्रत्येक माणूस आमच्या यादीत होता म्हणून.

मग पगारवाढीचा करार आला. कंपनी म्हणाली, वाढ चांगली देतो, पण कँटीन आणि साफसफाई कंत्राटदाराकडे जाईल. आम्ही म्हटलं, जाऊ दे. पुढच्या करारात पॅकिंग आणि माल हलवण्याचं काम गेलं. त्याच्या पुढच्या करारात निवृत्त होणाऱ्याची जागा भरायची नाही, असं ठरलं. दर वेळी वाढ आधीपेक्षा चांगली, दर वेळी पेढे. शेवटी आम्ही कायम कामगार उरलो दोनशे दहा आणि आत कंत्राटी झाले सातशेच्या आसपास. त्यानंतरच्या संपात आम्ही दोनशे दहाजण गेटबाहेर मांडव टाकून बसलो आणि कंत्राटदारांच्या बसेस आमच्यासमोरून आत गेल्या. दोन दिवस उत्पादन घसरलं. तिसऱ्या दिवशी सावरलं. नवव्या दिवशी मागणीपत्राची घडी खिशात घालून आम्ही कामावर गेलो.

त्या बसमधल्या पोरांना तू उदासीन म्हणतेस! त्यांची मुदत अकरा महिन्यांची. मुदत संपली की कागदावर कंत्राटदार बदलायचा, माणूस त्याच मशीनवर. सुपरवायझरचा फोन, ‘उद्यापासून येऊ नको,’ की संपलं. नोटीस नाही, चौकशी नाही. तो कंपनीकडे गेला तर कंपनी म्हणते, तू कंत्राटदाराचा. कंत्राटदार म्हणतो, कंपनी जो रेट देते त्यातून एवढंच परवडतं. आणि आमच्या ऑफिसात आला तेव्हा मीच त्याला म्हणालो होतो, बाबा, तू आमच्या मस्टरवर नाहीस. माझ्या पदाच्या काळातलं दुसरं कुठलंही वाक्य मला एवढं टोचत नाही.

शिवाय तुझं विधान खोटंही आहे. मुंबई महापालिकेच्या कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांनी स्वतःची संघटना बांधली, वर्षानुवर्षं खटला लढवला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात २,७०० जणांना कायम करण्याचा निकाल टिकवला. कशावर लढले? मस्टरवरच. आमचा खरा मालक महापालिका आहे, एवढंच त्यांना सिद्ध करायचं होतं.

कायद्याचं कलम तू बरं मांडलं आहेस, पण त्यात वळण कुठे आलं ते सुटलं आहे. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या खटल्यात सांगितलं की सरकारने एखाद्या कामात कंत्राट पद्धत बंद केली, की ते कामगार आपोआप मूळ मालकाचे होतात. पाच वर्षांत, २००१ च्या स्टील अथॉरिटीच्या निकालात, तो ‘आपोआप’ गेला. आता कंत्राट केवळ देखावा आहे हे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध करायचं. त्याच वर्षी सिप्लाच्या निकालाने अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या आपल्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याचं दारही अरुंद केलं. कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसांना वर्षानुवर्षं बदली कामगार किंवा तात्पुरतं ठेवणं ही त्या कायद्यात अनुचित प्रथा होती. पण कंत्राटी माणसाने म्हणे आधी दुसरीकडे जाऊन ठरवून आणायचं की तो कंपनीचाच कामगार आहे! ते ठरेपर्यंत त्याचा गेटपास कधीच गेलेला असतो.

देखावा कसा ओळखायचा ते निबंधात लिही. माणूस निवडला कुणी? रजा कोण देतं? काम कोण सांगतं? मशीन, हत्यारं कुणाची? कंत्राटदार तीनदा बदलला आणि माणसं तीच राहिली, तर पुढचं विचारायची फारशी गरज नसते.

आता तुझा लाडका मुद्दा, वाटाघाटी करणारी संघटना ठरायला नव्या औद्योगिक संबंध संहितेत लागणारे ५१ टक्के. तू त्याला ‘संघटनांना मान्यता मिळणे अवघड’ एवढ्यावर सोडलंस. हे ५१ टक्के कशाचे, ते वाच: आस्थापनेच्या मस्टरवरच्या कामगारांचे. कंत्राटी माणूस त्या मस्टरवरच नाही, म्हणजे तो मोजणीतच येत नाही. आमच्या कारखान्यात दोनशे दहातले एकशे आठ मिळवून आम्ही ऐटीत वाटाघाटी करणारी संघटना ठरलो असतो, पण लाइन चालवणारे सातशे हात आमच्या हाकेबाहेरच राहिले असते. उलट ठरावीक मुदतीवर घेतलेला कामगार कंपनीच्या मस्टरवर असतो, म्हणून मोजणीत येतो. पण मुदत पुढे वाढेल की नाही या धाकाने सभासद होत नाही. एका तऱ्हेने मान्यता मिळते आणि ताकद जाते, दुसऱ्या तऱ्हेने मान्यताच मिळत नाही. तुझ्या पेन्सिलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. देशातल्या संघटित कारखान्यांत या शतकाच्या सुरुवातीला पाचांतला एक कामगार कंत्राटी होता, आता पाचांतले दोन आहेत. हा आकडा घे, पण मस्टरचा मुद्दा मांडून झाल्यावर घे, आधी नको.

आणि काम लवचीक म्हणजे कामगार दुबळा, असं सरसकट लिहू नकोस. माथाडी हमाल बघ. आज या गाळ्यावर, उद्या त्या गोदामात. मालक बदलत राहतात. तरी अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा कायदा झाला आणि टोळीची नोंद त्या कायद्याने नेमलेल्या माथाडी मंडळाकडे गेली. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, तिथून मजुरी हमालाला. मालक शंभर, मस्टर एक. भांडायला त्यामुळे पायाखाली जमीन राहिली. आता तिथेही बोगस टोळ्या घुसल्या आहेत, नोंद नसलेली माणसं कामाला लावतात. बघ, मोडायचं तरी कुठे? मस्टरवरच.

तू विचारशील, काका, मग तुम्ही सह्या का केल्यात? मला निवडून दिलं होतं कायम कामगारांनी. वर्गणी त्यांची. जूनमध्ये त्यांच्या पोरांच्या फिया भरायच्या असत. सर्वसाधारण सभेत विरोधात एक हात वर झाला नाही. मी सही केली नसती तर मला पाडून दुसऱ्याने केली असती. हे सगळं खरं आहे. पंचवीस वर्षं हेच सांगतो आहे, बायकोलाही पाठ झालं आहे.

तर पेन्सिलीतल्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर आमच्याच करारांत आहे. संघटना दुबळी नव्हती तेव्हाच तिने पॅकिंग सोडलं.

दुसऱ्या कराराची प्रत माळ्यावरून काढून ठेवली आहे. रविवारी ये. सहाव्या पानावर पॅकिंगच्या तीन ओळी आहेत, त्यांचा फोटो घेऊन जा. कंपनीचं नाव झाक. खालची माझी सही झाकू नकोस.

तुझा,
काका