नव्या सेक्रेटरीला: सभासदाच्या लांबलचक मेलला उत्तर देताना

सोसायटीचं काम नवीन घेतलंय, तर असा मेल येणारच: भाडेकरू ठेवल्याचे महिना ५०० रुपये का लावले, गळतीचं काय झालं, पार्किंगची चिठ्ठी कधी काढणार, आणि मध्येच एक वाक्य, "मागच्या सभेचं इतिवृत्त अजून मिळालेलं नाही." शेवटच्यात प्रश्नचिन्ह नाही, पण तोही प्रश्नच. नेमका हाच सुटतो आणि मग तक्रार वर जाते. मी एकदा असाच सोडला होता.

म्हणून आधी मेल खाली चिकटवा आणि प्रत्येक मागणीवर त्यांच्याच क्रमाने आकडा टाका. सोपं आधी, अवघड नंतर असं करू नका. अवघड टाळलंत हे लगेच दिसतं. मग प्रत्येक आकड्याखाली पहिल्याच वाक्यात उत्तर, कारण नंतर. उदाहरणार्थ:

"१. ५०० ही आकारणी चुकीची आहे. भाडेकरू ठेवल्यावर लागणारं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तुमचं सेवाशुल्क १८०० आहे, म्हणजे १८०. महिन्याचे ३२० रुपये पुढच्या बिलात वळते करू.
२. गळती: प्लंबर शनिवारी येऊन पाहील. खर्च कोणाचा, हे कारण कळल्यावर सांगतो."

दुसऱ्या उत्तरात अर्धंच माहीत आहे, तेवढंच लिहिलंय. "बघतो" एवढ्यावर भागत नाही, वार लिहा. आणि उत्तर मेलवरच द्या. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर दुसऱ्या मुद्द्यापर्यंत पोचेस्तोवर चौघे मध्ये बोललेले असतात.