गटाच्या अहवालातून एकेकाचे गुण कसे काढावेत

आधी नावं न बघता अहवाल तपासा आणि गटाचा गुण ठरवून टाका. समजा ४० पैकी ३२ आले. मग प्रत्येकाला ३० गुण द्या आणि ते स्वतःला वगळून बाकीच्या तिघांत गुप्तपणे वाटायला सांगा, प्रत्येक आकड्यामागे एका ओळीचं कारण लिहून. चौघांच्या गटात सरासरी वाटा ३० येतो. एखाद्याला २४ मिळाले तर त्याचा गुणक ०.८. हा गुणक सगळ्या ३२ ला लावू नका, निम्म्यालाच लावा: १६ अधिक १२.८, म्हणजे २८.८. मित्रांच्या मतावर पूर्ण गुण सोडणं मला धोक्याचं वाटतं.

सगळ्यांनी सगळ्यांना १० दिले असतील तर बहुधा आपसांत ठरलेलं असतं. तिघांनी मिळून एकालाच खाली ओढलेलंही दिसेल. दोन्ही वेळा प्रत्येकाची पाच मिनिटं वेगळी तोंडी घ्या. त्यानं लिहिलेल्याच भागावर विचारा: हीच पद्धत का, हा आकडा कुठून आला? काम केलेला अडखळेल, पण अडचणी नेमक्या सांगेल. फाइलच्या बदलांची नोंद जरूर बघा, मात्र तिच्यात टंकणारा दिसतो; माहिती गोळा करणारा दिसत नाही.