शेवटचा नून कधी गळतो, कधी नाही

अरे, अरबीत वर्तमानकाळाची सुरुवात फक्त चारच अक्षरांनी होते, मी ला अ, आम्ही ला न, तू-तुम्ही सगळ्यांना त, आणि तो-ते-त्या ला य. 'ती' आणि 'त्या दोघी' ला मात्र त च लागतो, म्हणून तक्तुबु म्हणजे 'तू लिहितोस' की 'ती लिहिते' हे वाक्यावरूनच कळतं. खरी मेख शेवटाला आहे. यक्तुबानि, तक्तुबानि, यक्तुबूना, तक्तुबूना, तक्तुबीना, या पाच रूपांच्या आधी लम् किंवा लन् हा नकारार्थी शब्द आला की शेवटचं न चं अक्षर, नून, गळतं, म्हणजे यक्तुबूनाचं 'लम् यक्तुबू' (त्यांनी लिहिलं नाही) होतं आणि लिहिताना वाव या ऊ च्या अक्षरानंतर अलिफ हे एक मुकं अक्षर टाकायचं. मी सुरुवातीला यक्तुब्ना म्हणजे 'त्या लिहितात' मधला नूनपण उडवायचो, पण तो नून म्हणजे 'त्या' हे सर्वनामच आहे, तो कधीच जात नाही, 'लम् यक्तुब्ना' असंच राहतं.